पुराचे पाणी आणि कृष्णेचे तीर : सराव परीक्षेतल्या एका प्रश्नाचे प्रकरण

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवतो. दर रविवारी पन्नास प्रश्नांची सराव परीक्षा असते, मंगळवारी उत्तरतालिका लागते आणि गुरुवारपर्यंत ज्याला हरकत घ्यायची त्याने चिठ्ठीवर लिहून द्यायची. ही पद्धत मीच पाडली, कारण खऱ्या परीक्षेतही हरकत घ्यावी लागते आणि तिथे ‘सर, मला वाटतं’ चालत नाही. बहुतेक आठवड्यांत दोन-तीन चिठ्ठ्या येतात आणि त्यांतली एखादीच टिकते. त्या आठवड्यात तेविसाव्या प्रश्नावर एकच चिठ्ठी आली, आणि तिने माझी तालिकाही पाडली आणि चिठ्ठी देणारीलाही पाडले.

प्रश्न असा होता : अचूक वाक्य ओळखा.

१) पुराचे पाणी नदीतिरावरून ओसरले.
२) पूराचे पाणी नदीतीरावरून ओसरले.
३) पुराचे पाणी नदीतीरावरून ओसरले.
४) पूराचे पाणी नदीतिरावरून ओसरले.

शुद्धलेखनाच्या चार पर्यायी प्रश्नांची घडण बहुधा अशीच असते. वाक्यात दोन जागा संशयाच्या असतात, प्रत्येक जागी ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन रस्ते, म्हणून चार जोड्या. एका जागेचा निकाल लागला की दोन पर्याय आपोआप जातात. ‘नदी’वर मी संशय ठेवलाच नव्हता. मूळ संस्कृतातच हा शब्द दीर्घ ईकारान्त असल्याने समासात पहिला आला तरी तो तसाच राहतो, नदीतीर. ‘शक्ति’चे तसे नाही. तो मुळात ऱ्हस्व, म्हणून एकटा असला की मराठीत शक्ती, पण समासात पुढे आला की शक्तिपीठ. महामार्गाच्या बातम्यांत ‘शक्तीपीठ’ छापून येते ती वेगळी चूक, तिच्यावर वेगळा तास घ्यावा लागतो.

माझ्या तालिकेत उत्तर होते पर्याय एक. दोन्ही शब्द ऱ्हस्व. हे मी का लिहिले ते सांगायला हवे, कारण वर्गातल्या अडतिसापैकी सतरा जणांनी नेमके तेच केले होते आणि त्यांची कारणमीमांसा माझ्यासारखीच होती.

मराठी साहित्य महामंडळाचे नियम राज्याने १९६२ साली मान्य केले. तेव्हा ते चौदा होते, १९७२ साली चारांची भर पडून अठरा झाले. आज पाठ्यपुस्तकापासून स्पर्धा परीक्षेपर्यंत सगळे याच अठरांवर चालते. त्यांतला सामान्यरूपाचा नियम मुलांना सगळ्यांत लवकर पाठ होतो. शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षराला दीर्घ ई किंवा ऊ असेल, तर त्या शब्दाला प्रत्यय लागताना ते अक्षर ऱ्हस्व होते. वकील, पण वकिलाला. गरीब, पण गरिबाने. फूल, पण फुलात. ऊस, पण उसाचा. सांगलीच्या पोराला हे शिकवायला फळाही लागत नाही. आयर्विन पूल म्हणतो आणि पुलाजवळची पाणीपातळी म्हणतो, ते त्याच्या तोंडातच आहे.

तेव्हा पूर–पुराचे आणि तीर–तिरावर. एकच नियम, एकच चाल. मी प्रश्न रचताना पर्याय एकला खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेलो. कानालाही ते खटकले नाही, आणि खटकणार नव्हतेच. बोलताना आपण ‘तीर’ लांबवतो, पण ‘तीरावर’ म्हणताना पुढचा ‘रा’ लांब असल्यामुळे ‘ती’ आपसूक आखडते. मराठीच्या उच्चारात इ-उची लांबी बरीचशी जागेवर ठरते, शब्दावर नाही. म्हणून ‘उच्चाराप्रमाणे लिहा’ हा सल्ला ऊस, फूल, पूल इथपर्यंत साथ देतो आणि पुढे दगा देतो. कान सगळ्या शब्दांना एकाच मापाने मोजतो. लेखन तसे मोजत नाही.

चिठ्ठी

चिठ्ठी देणारी मुलगी तासगावची. रोज एसटीने येते, मागच्या बाकावर बसते, फारशी बोलत नाही. तिने लिहिले होते : ‘तीर हा शब्द तत्सम आहे. सामान्यरूपाच्या नियमाला तत्सम शब्दांचा अपवाद आहे. त्यामुळे नदीतीरावरून हेच बरोबर. पूर हाही संस्कृत शब्द आहे. म्हणून पूराचे. उत्तर पर्याय दोन.’

दहावीला तिला संस्कृत होते. ‘सर, तीरम्. नपुंसकलिंगी. आणि पूरः पुल्लिंगी,’ ती म्हणाली. आवाज हळू होता, पण माघार नव्हती.

अपवाद मला माहीत नव्हता असे नाही. तो मीच शिकवतो. नियमावलीतच तो आहे : शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असलेला शब्द तत्सम असेल, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आला असेल, तर सामान्यरूपातही ते दीर्घच राहते. शरीर–शरीरात, सूत्र–सूत्राने, दूत–दूताला, रूप–रूपाने. ‘शरीर’ आणि ‘वकील’ दिसायला भावंडे आहेत, तीन-तीन अक्षरे, मधे दीर्घ ई, पण एक शरीराला आणि दुसरा वकिलाला. एवढे मी दर बॅचला फळ्यावर लिहितो. प्रश्न रचताना मात्र ‘तीर’ तत्सम आहे हे माझ्या मनात आलेच नाही. का आले नाही, तेही मला नंतर सुचले. माझ्या डोक्यात त्या क्षणी ‘तीर’ म्हणजे बाण होता.

कपाटातला शुद्धलेखन कोश काढला. त्यात शब्दापुढे त्याचे सामान्यरूप दिलेले असते, म्हणून अशा भांडणाला शब्दार्थाच्या कोशापेक्षा तो बरा. ‘तीर’ दोनदा भेटतो. काठ या अर्थाचा तीर संस्कृत, त्याचे सामान्यरूप तीरा-. बाण या अर्थाचा तीर फारशीतून आलेला, त्याचे सामान्यरूप तिरा-. म्हणजे नदीच्या तीरावर उभे राहायचे आणि तिराने नेम धरायचा. एकटे असताना दोघांचे तोंड सारखे, प्रत्यय लागला की घराणे कळते.

तिचा अर्धा मुद्दा तिथेच जिंकला. पर्याय एक गेला. मग ‘पूर’ उघडला. सामान्यरूप : पुरा-.

ती पानाकडे बघत राहिली. ‘पण सर, पूर संस्कृतच आहे ना?’

आहेच. नदीला येणाऱ्या लोंढ्याला संस्कृतात पूर म्हणतात आणि त्यातला ऊ दीर्घ आहे. मराठीने तो शब्द न मोडता घेतला. अपवादाचे कलम अक्षरशः लावले तर ‘पूराचे पाणी’ लिहायला हवे, आणि तिने तसेच केले होते. तिच्या तर्कात कुठेही भोक नव्हते. तरी छापील मराठीत ‘पुराचे’, ‘पुरात’, ‘महापुराने’ हेच चालते. २००५ आणि २०१९ च्या पुरांनंतर सांगलीच्या वर्तमानपत्रांत हा शब्द आपण किती वेळा वाचला असेल, तो ‘पूरात’ असा क्वचितच दिसला आणि दिसला तिथे खटकला. तेव्हा बरोबर उत्तर पर्याय तीन. माझी तालिका चूक आणि तिची हरकतही चूक.

पर्याय तीनवर खूण करणारे बारा जण होते. त्यांना मी एकेकाला विचारले. एकालाही नियम सांगता आला नाही. ‘पुराचे असंच वाचलंय, आणि नदीतीर असंच वाचलंय,’ एवढेच. त्यांच्या डोळ्यांनी त्यांना तारले होते. पर्याय चारवर तिघे होते, त्यांनी पेन फिरवला असावा. उरलेल्या सहांपैकी एक ही, आणि बाकीच्या पाचांतले दोघे ‘दीर्घ लिहिलं की शुद्ध दिसतं’ या पंथाचे. तो पंथ मोठा आहे. ‘दिपावली’ लिहिणाऱ्यांना हसणारे त्यात असतात आणि ‘मंत्रीमंडळ’ लिहून मोकळे होतात.

पूर का आखडतो आणि तीर का आखडत नाही

गुरुवारचा पूर्ण तास यावर गेला. तालिका बदलून गप्प बसता आले असते, पण ती मुलगी ज्या कारणाने चुकली ते कारण हुशार मुलांचे आहे. नियम पाठ, अपवाद पाठ, आणि अपवादाचा अपवाद कुणी सांगितलेला नाही.

मला जे दिसते ते असे. शब्द संस्कृतातून आला हा त्याचा जन्मदाखला झाला. लेखनाला जन्मदाखल्याइतकेच महत्त्व त्याच्या राहणीला आहे. पूर मराठीच्या घरात इतका वापरला गेला की तो घरचाच झाला. शेतकऱ्याच्या तोंडी, बाईच्या तोंडी, ओवीत, शिवीत तो आहे, म्हणून त्याला घरच्या शब्दाची शिस्त लागली आणि प्रत्यय लागताच तो आखडला. तीर तसा घरचा झालाच नाही. आपण बोलताना ‘नदीच्या काठाला’ म्हणतो, ‘कडेला’ म्हणतो. तीरावर जायचे ते कवितेत, भाषणात, किंवा प्रश्नपत्रिकेत. पाहुणा पाहुण्यासारखाच राहिला आणि त्याचा दीर्घ ईकार त्याच्याकडेच राहिला.

हे पूर एकट्यापुरते असते तर मी ‘पाठ करा’ म्हणालो असतो. पण तसे आणखी शब्द आहेत, आणि त्यांत एकाच शब्दाचे दोन संसार दिसतात.

भूत घ्या. संस्कृतच. पण पिंपळावरचे भूत मराठी झाले, म्हणून ‘भुताने झपाटले’, ‘भुताला उतारा टाकला’. तत्त्वज्ञानातले भूत पोथीतच राहिले, म्हणून ‘पंचमहाभूतांनी शरीर बनले’, ‘भूतमात्रांवर दया’. जीव घ्या. प्राण या अर्थाने तो आपला, म्हणून ‘जिवाला घोर लागला’, ‘जिवावर बेतले’, ‘जिवाभावाचा मित्र’. सजीव प्राणी या शास्त्रीय अर्थाने तो ‘सूक्ष्मजीवांची वाढ’. दोन्हीकडे मूळ शब्द तोच, तरी लेखन अर्थाप्रमाणे फुटते.

पीठाचे प्रकरण थोडे निराळे आहे, कारण तिथे शब्दच दोन आहेत. दळलेले पीठ हे संस्कृत ‘पिष्ट’ झिजून झालेले, म्हणजे तद्भव. बसायचे पीठ, आसन, हे तत्सम. एकटे लिहिले की दोन्ही पीठ. प्रत्यय लागला की पिठात पाणी घालायचे आणि विद्यापीठात प्रवेश घ्यायचा. शिवाजी विद्यापीठाचा परिसर म्हणजे कोल्हापूर, सातारा, सांगली तिन्ही जिल्हे, त्यामुळे हा शब्द आमच्या मुलांना वर्षातून शंभरदा लिहावा लागतो आणि अभिनंदनाच्या फलकांवर ‘विद्यापिठात प्रथम’ हे हमखास भेटते. पोरगी विद्यापीठात पहिली आली आणि फलकाने तिला परातीत बसवली.

परीक्षेच्या खोलीत काय करायचे

मुलांचा पुढचा प्रश्न सरळ होता. ‘सर, परीक्षेत कोश नसतो. शब्द संस्कृत आहे का घरचा, हे ओळखायचं कसं?’

पहिले काम, पर्यायांत फरक नेमका कुठे आहे ते बोटाने दाखवायचे. तेवीसमध्ये ‘पाणी’ आणि ‘ओसरले’ चारही ठिकाणी सारखे आहेत, त्यांच्याकडे बघायचेच नाही. हे बाळबोध वाटते, पण घाईत मुले सगळे वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणतात आणि कानाने उत्तर शोधतात. कान काय करतो ते वर आलेच आहे.

दुसरे, संशयाच्या शब्दाचा प्रत्यय सोडवून मूळ शब्द एकटा लिहायचा. ‘तीरावरून’ मधून ‘वरून’ काढले, ‘आ’ गेला, उरले तीर. इथे एक फसगत होते. समास आणि सामान्यरूप यांची गल्लत. ‘पूरग्रस्त’ मध्ये पूर दीर्घ आहे म्हणून ‘पूराने’ बरोबर असे एकाने मांडले. तसे नाही. पूरग्रस्तमध्ये पूरला प्रत्यय लागलेलाच नाही, दुसरा शब्द येऊन चिकटला आहे, म्हणून तो मूळ रूपात आहे. याच हिशेबाने पीकविमा, पीककर्ज असे दीर्घ लिहायचे, पण पिकाचा विमा, पिकावरचे कर्ज. गावोगाव ‘पिकविमा’ लिहिलेले दिसते ते ‘पिकाचा’ कानात बसल्यामुळे. ‘विमा’चा वि मात्र ऱ्हस्वच, कारण मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असले की त्याच्या आधीचा इकार ऱ्हस्व असतो : विमा, किडा, विळा, महिना.

तिसरे, आणि इथेच खरा निर्णय आहे : शब्दाचा वाक्यातला अर्थ धरायचा आणि त्या अर्थाने त्याचे गोत कोणते ते आठवायचे. काठ या अर्थाच्या तीराचे गोत कृष्णातीर, गंगातीर. बाण या अर्थाच्या तिराचे गोत तीरकमान आणि तिरंदाज. आसनाचे गोत व्यासपीठ, न्यायपीठ, शक्तिपीठ. दळणाचे गोत पिठी, पिठूळ, पिठले. पिंपळावरच्या भुताचे गोत भुताटकी. प्राण या अर्थाच्या जिवाचे गोत जिवलग. गोतात ऱ्हस्व इकार-उकाराची घरगुती पोरे दिसली की सामान्यरूपही ऱ्हस्व. गोत सगळे संस्कृत थाटाचे असले की दीर्घ राहू द्यायचे.

ही कसोटी माझी आहे, नियमावलीत नाही, आणि तिला मर्यादा आहे. ती पूरवरच अडखळते. पूरचे गोत शोधले तर महापूर मिळतो, आणि तो तर संस्कृत थाटाचाच समास. कसोटी सांगते ‘महापूराने’, आणि लेखन सांगते ‘महापुराने’. म्हणून पूर पाठच करायचा. तशी कुठलीही कसोटी शंभरातल्या शंभर शब्दांना लागणार नाही, आणि जो ‘एका युक्तीत ऱ्हस्व-दीर्घ’ विकतो त्याला पूर, भूत आणि जीव हे तीन शब्द विचारावेत.

‘रूप’ला मात्र ती चोख लागते. स्वरूप, विश्वरूप, कुरूप. सगळे दीर्घ, म्हणून रूपात, रूपाने, स्वरूपाचे. ‘रुपात’ ही चूक इतकी रुळली आहे की माझ्याच जुन्या नोट्सच्या मुखपृष्ठावर डीटीपीवाल्याने ‘सामान्यरुपाचे नियम’ छापले होते आणि मी दोन आवृत्त्या तशाच विकल्या. सामान्यरूपाचा नियम शिकवणाऱ्या पुस्तिकेवर सामान्यरूपच चुकलेले. कुणी हरकत घेतली नाही.

गुणांचा निकाल

तालिका बदलली. पर्याय तीन. सतरा जणांचा एक गुण गेला, बारा जणांना मिळाला, आणि पहिल्या तिघांचा क्रम उलटला. पहिला आलेला मुलगा रुसला. ‘सर, तुमचंच उत्तर मी लिहिलं होतं.’ त्याचे म्हणणे असे की प्रश्नच रद्द करून सगळ्यांना गुण द्यावा. मी नाही म्हटले. प्रश्नाला एक आणि एकच बरोबर पर्याय होता, चुकली होती ती तालिका. दोन पर्याय बरोबर निघाले किंवा एकही बरोबर नसला, तर प्रश्न रद्द करायचा. हा फरक मुलांनी लक्षात ठेवावा असा आहे, कारण हरकत लिहिताना ‘तालिका चूक’ म्हणायचे की ‘प्रश्न चूक’ हे आधी ठरवावे लागते.

पण प्रश्न चांगला होता का, असे कुणी विचारले तर नव्हता. एका वाक्यात मी दोन वेगळ्या जातीच्या अडचणी कोंबल्या होत्या. तीर कारण सांगून सुटतो, पूर वाचनानेच सुटतो. जिने कारणाने विचार केला ती हरली आणि ज्यांनी केलाच नाही ते जिंकले. असा प्रश्न नशीब तपासतो.

पुढच्या आठवड्यात मी पर्याय न देता दहा वाक्ये दिली. कंसात मूळ शब्द, मुलांनी प्रत्यय लावून लिहायचे. मागच्या वेळी ‘विद्यापिठात’ लिहिणारे बहुतेक सुधारले होते. पण नवीनच रोग निघाला. जतच्या एका मुलाने ‘बाजरीच्या पीठाची भाकरी’ लिहिले. मी विचारले, ‘अरे, ही भाकरी कुठल्या मठातली?’ वर्ग हसला, पण तसे लिहिणारे तो धरून नऊ जण होते. ‘पीठ संस्कृत आहे’ एवढेच त्यांच्या डोक्यात राहिले होते, कोणते पीठ ते राहिले नव्हते. दोघांनी ‘फूलात’ लिहिले, एकाने ‘ऊसाचा’. तत्समचा अपवाद नुकता शिकवला की आठवडाभर असे होतेच. मुले ऱ्हस्वाला घाबरतात.

म्हणून तिसऱ्या आठवड्यात मी ‘तत्सम’ हा शब्द वर्गात उच्चारायचाच नाही असे ठरवले. वहीत तीन उभे रकाने आखायला लावले. पहिल्यात मूळ शब्द, दुसऱ्यात त्या वाक्यातला अर्थ साध्या मराठीत, तिसऱ्यात प्रत्ययासह रूप. अर्थ लिहिल्याशिवाय तिसरा रकाना भरायचा नाही. पीठ – दळण – पिठाची. पीठ – आसन – व्यासपीठावर. तीर – काठ – तीरावर. तीर – बाण – तिराने. भाकरीचे पीठ बऱ्यापैकी खाली आले. नवांपैकी दोघे उरले.

जीव मात्र त्या रकान्यांतही नीट बसला नाही. ‘मुक्या जिवाला पाणी पाजा’ इथे अर्थाच्या रकान्यात प्राणी लिहिले तर जीवाला यायला हवे, पण वाक्यातला जिव्हाळा घरचा आहे आणि हात ‘जिवाला’च लिहितो. दोन्ही छापलेले सापडते. असला प्रश्न मी पेपरात घालत नाही, आणि दुसऱ्या कुणी घातला तर मुलांनी हरकतीची चिठ्ठी तयार ठेवावी.

महिन्याभराने मी तेविसावा प्रश्न नव्याने रचला. या वेळी पूर काढून टाकला आणि दोन्ही तीर एका वाक्यात घेतले, कारण दोन्ही एकाच कारणाने सुटतात. ‘पारध्याच्या तिराने नदीच्या तीरावरचे हरीण जखमी झाले,’ आणि त्याच्या चार जोड्या. तालिका लावायच्या आधी कोश दोनदा उघडून पाहिला. अडतिसापैकी एकतीस जणांचे बरोबर आले.

गुरुवारी संध्याकाळी तासगावची मुलगी चिठ्ठी घेऊन दारात उभी. उत्तर तिचे बरोबर होते, गुणही मिळाला होता. चिठ्ठीत लिहिले होते : ‘हरिण हा संस्कृत शब्द ऱ्हस्व आहे. चारही पर्यायांत हरीण छापले आहे.’

मराठीत हरीण चालते, त्याचे हरणाला होते, घरचाच शब्द तो, हे तिला कोश दाखवून सांगितले. तिने वाचले, मान डोलावली आणि एसटी गाठायला निघून गेली. पुढच्या बॅचसाठी छापताना मी हरणाच्या जागी बगळा घातला.